ब्रेक डिस्क खरी की डुप्लिकेट? खोक्यापासून ओतीव खुणांपर्यंत सगळे फोटो टाकले आहेत (इंदूर)

मीनल_पलासिया | शनिवार, सकाळी 10:12

गाडी पेट्रोल हॅचबॅक, मार्च 2016 ची, 71,000 किमी झाली. समोरच्या दोन्ही डिस्क बदलायच्या आहेत. कार कंपनीच्या नावाच्या खोक्यात दोन डिस्क इथल्याच बाजारातून आणल्या, एमआरपीपेक्षा 30 टक्के कमी भावात. अजून बसवलेल्या नाहीत. जुन्या डिस्क कारखान्यातून आलेल्याच आहेत, मधे कधी बदलल्या नाहीत. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा तिकडेच घसरेल.

फोटो 1: दोन्ही खोकी शेजारी शेजारी.
फोटो 2: होलोग्राम, वरून सरळ काढलेला.
फोटो 3: लेबल. पार्ट नंबर, एमआरपी, पॅकिंगचा महिना 03/2024.
फोटो 4: टोपीच्या, म्हणजे डिस्कच्या मधल्या उंच भागाच्या, कडेवर कोरलेला नंबर.
फोटो 5: टोपीच्या आत उठावाची अक्षरं, "मिन टीएच 20", त्याखाली 24 आणि भोवती बारीक ठिपके.
फोटो 6: डिस्कच्या कडेवरून आतल्या पाकळ्या दिसतात तो.

मेकॅनिक म्हणतो, माल बरोबर आहे, बसवून टाकू. मला फोटो 4 मधला "4" खटकतोय. जाणकारांनी बघावं.

---

राऊ_सर्कल | 10:31

ताई, निर्धास्त बसवा. होलोग्राम चमकतोय, इंद्रधनुष्य दिसतंय. डुप्लिकेटवाल्याला होलोग्राम परवडत नाही, तो साधं स्टिकर लावतो. आणि नंबर लेझरने कोरलाय, म्हणजे ओरिजिनलच. लोकलवाले पंच मारतात.

---

तोफखाना_52 | 10:48

थांबा, बसवू नका! डिस्कवर 20 लिहिलंय ना? व्हर्नियर लावून बघा, माझ्या अंदाजाने 22 भरेल. लिहिलेलं एक आणि माप दुसरं, म्हणजे उघड उघड खोटी.

---

जुना_मापाडी | 11:20

तोफखाना, ते 20 नव्या डिस्कचं माप नाही. झिजत झिजत 20 वर आली की भंगारात टाका, असा त्याचा अर्थ. नवी 22 असेल तर ती बरोबरच आहे. 20 भरली असती तर मात्र पळायला हवं होतं.

राऊ, तुमचं अर्धं बरोबर. पाच-सात वर्षांपूर्वी होलोग्राम नसणं ही खूण होती. आता चंदेरी पट्टीवर छापलेला "होलोग्राम" रोलच्या भावाने मिळतो. त्यामुळे तो आहे की नाही यावर काही ठरत नाही, तो हलवल्यावर काय करतो ते बघावं लागतं.

मीनलताई, तुमचा फोटो 2 वरून सरळ काढलेला आहे, त्यावरून काही सांगता येणार नाही. खोलीतले दिवे बंद करा, एकच टॉर्च बाजूने धरा, फोन जागच्या जागी ठेवा आणि खोका हळूहळू डावीकडून उजवीकडे कलता करत पाच-सहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. खऱ्यात निदान दोन थर असतात. कलवताना मागचं चिन्ह पुढच्यापेक्षा वेगळ्या वेगाने सरकतं, किंवा एक चित्र जाऊन दुसरं येतं. नुसत्या चंदेरी पट्टीत सगळं एकदम लाल, एकदम हिरवं होतं आणि चित्र तिथल्या तिथे राहतं.

दुसरं, होलोग्रामखाली बारीक क्रमांक असेल. दोन्ही खोक्यांचा वाचून सांगा.

आणि फोटो इथे टाकताना व्हॉट्सॅपवरून घेऊ नका. तो फोटो दाबून लहान करतो आणि कोरलेल्या अक्षरांच्या कडा विरघळतात. मग खरा भागही खोटा दिसायला लागतो. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

---

मीनल_पलासिया | 12:05

व्हिडिओ टाकला. मला तरी दोन थर दिसतात, मागची अक्षरं वेगळी सरकतात.

क्रमांक मात्र दोन्ही खोक्यांवर अक्षरशः एकच आहे. आधी लक्षातच आलं नाही. क्यूआर स्कॅन केला तर दोन्हीकडे एकच पान उघडतं, तिथे पार्टचं चित्र आणि "धन्यवाद" येतं.

---

जुना_मापाडी | 12:26

व्हिडिओ पाहिला, होलोग्राम बऱ्या दर्जाचा आहे. पण दोन नगांवर एकच क्रमांक येत नाही. क्रमांक हा नगाचा असतो. एकच असेल तर कोणीतरी एक लेबल घेऊन त्याच्या प्रती काढल्या आहेत. फक्त तो क्रमांक खरंच नगाचा आहे की पार्ट नंबरच बारीक अक्षरात परत छापलाय, एवढं एकदा पडताळा. काही लेबलांवर तसंही असतं.

क्यूआरचं म्हणाल तर पान उघडणं हा पुरावा नव्हे, पान कोणीही बनवतो. वरच्या पत्त्याच्या पट्टीत कंपनीचा खरा पत्ता आहे का, आणि ते पान हा नग याआधी किती वेळा तपासला गेला हे सांगतं का, ते बघायचं. "धन्यवाद" म्हणणारं पान काहीच तपासत नाही.

---

देवास_नाका | 12:40

माझं थोडं वेगळं आहे, पण विषय तोच. मागच्या चाकाचं बेअरिंग घेतलं. खोका चकाचक, रिंगवर नंबर कोरलेला, पण नखाने घासलं तर नंबर खरखरीत लागत नाही, काचेवर वाफ धरावी तसा पुसट दिसतो. हे ॲसिडने केलेलं आहे का? आणि बेअरिंगचं कसं तपासायचं?

---

जुना_मापाडी | 13:02

देवास, तुमचं वर्णन रसायनाने किंवा विजेने खरवडलेल्या खुणेचं आहे. अक्षरांची कड धुरकट असते आणि खोली जवळपास नसतेच. पण तेवढ्यावरून खोटं म्हणता येत नाही, कारण जुन्या काळी बऱ्याच चांगल्या कंपन्याही तसंच करायच्या. बेअरिंगवाल्यांची स्वतःची ॲपं आहेत, उदाहरणार्थ एसकेएफचं ऑथेंटिकेट. त्यात खोक्याचे आणि रिंगवरच्या खुणांचे फोटो काढून पाठवले की त्यांची माणसं बघून कळवतात. तुमचं बेअरिंग ज्या कंपनीचं असेल तिचं बघा.

राऊंच्या लेझरच्या मुद्द्यावर इथेच बोलून टाकतो. फायबर लेझरची खूण करणारी मशिनं आता जॉबवर्कच्या छोट्या दुकानांतही आहेत, किचेनवर नावं कोरतात तीच. तेव्हा लेझर म्हणजे ओरिजिनल हे समीकरण सोडून द्या. कोणत्या पद्धतीने कोरलंय यापेक्षा त्याच गाडीच्या जुन्या खऱ्या भागावर त्या जागी कोणती पद्धत आहे, हा प्रश्न कामाचा. लेझरची रेघ सगळीकडे सारख्याच रुंदीची असते, बोटाला उंचवटा लागत नाही. पंचाच्या अक्षराभोवती धातू बाहेर ढकललेला असतो, बाजूने टॉर्च मारली की अक्षराच्या काठाला चमकती कड दिसते. डॉट-पिनमध्ये अक्षर ठिपक्यांनी बनलेलं असतं, भिंगाखाली ठिपके मोजता येतात.

मीनलताईंच्या फोटो 4 मध्ये लेझर आहे, रेघ स्वच्छ आहे. "4" वरून बंद आहे. जुन्या डिस्कवर तो उघडा असेल तर नोंद करून ठेवा. पण कंपनीने मशीन बदललं की अक्षराचं वळणही बदलतं, त्यामुळे मी "4" ला फार वजन देणार नाही.

---

ओतारी_सांवेररोड | 15:47

दुपारपासून वाचतोय. सगळे खोक्याभोवती फिरताय. खोकं छापायला छापखाना लागतो, तो गल्लीत आहे. डिस्क ओतायला पॅटर्न लागतो, म्हणजे वाळूत दाबून साचा काढायचा नमुना, आणि चोर नेमका तिथे पैसे वाचवतो. फोटो 5 कडे या.

चांगल्या फाउंड्रीत डिस्कचा पॅटर्न मशीनवर कापलेला असतो आणि तो मुद्दाम थोडा मोठा असतो. बिडाचं ओतीव थंड होताना साधारण 1 टक्का आकसतं, ते आधीच हिशेबात धरलेलं असतं. डुप्लिकेटवाला पॅटर्न बनवत नाही. तो बाजारातून खरी डिस्क आणतो, तिच्यावर यंत्रकामापुरती पुटी चढवतो आणि तीच वाळूत दाबून साचा काढतो. आता साचा खऱ्या डिस्कएवढाच झाला आणि त्यात ओतलेलं बीड परत 1 टक्का आकसलं. लेथवर जे कातलं जातं ते माप तो बरोबर आणतो, कारण नाहीतर डिस्क हबवर बसणारच नाही. पण जिथे लेथ लागत नाही ती प्रत्येक जागा त्याच्याकडे 1 टक्क्याने लहान असते: उठावाची अक्षरं, टोपीचा आतला कच्चा घेर.

तर ताई, तुमच्याकडे जुनी डिस्क आहे हे फार चांगलं झालं. ती भंगारात देऊ नका. चाक काढलं की दोन मापं घ्या. पहिलं, "मिन टीएच 20" या ओळीची लांबी, पहिल्या अक्षराच्या डाव्या कडेपासून शेवटच्या आकड्याच्या उजव्या कडेपर्यंत. दुसरं, टोपीच्या आतला न कातलेला व्यास. तीन ठिकाणी मोजा आणि सरासरी घ्या. आतला गंज तारेच्या ब्रशने काढा, ग्राइंडर लावू नका.

अक्षरं फोटोत नीट येत नसतील तर खडू आडवा धरून त्यांच्यावरून हलकेच फिरवा. उठावाचा भाग पांढरा होतो, खोलगट भाग काळा राहतो. मग टॉर्च अगदी बाजूने, जवळजवळ जमिनीलगत धरून फोटो घ्या. फ्लॅश मारू नका, फ्लॅशने उठाव सपाट दिसतो.

---

राऊ_सर्कल | 16:05

1 टक्का फोटोत कुठे दिसणार? दोन फोटो एकमेकांवर ठेवले की झालं का?

---

ओतारी_सांवेररोड | 16:22

नाही दिसणार, म्हणून तर मोजायला सांगितलं. फोन जरा कलला तरी 2-3 टक्क्यांचा फरक येतो. फोटोवरूनच करायचं असेल तर एक मीटरवरून झूम करून, फोन डिस्कला समांतर धरून घ्यावा आणि स्टीलची पट्टी त्याच पातळीत ठेवावी. पट्टी खाली टेबलावर आणि अक्षरं वर टोपीत असली की गणित चुकतं. तरीही मी व्हर्नियरवरच विश्वास ठेवीन.

---

मीनल_पलासिया | रविवार, दुपारी 1:15

डाव्या बाजूचं चाक उघडलं. मापं मेकॅनिकच्या डिजिटल व्हर्नियरने घेतली, प्रत्येक तीन वेळा.

जुनी डिस्क: ओळीची लांबी 48.2, टोपीचा आतला व्यास 131.4.
नवी, खोका 1: 47.8 आणि 130.2.
नवी, खोका 2: 47.7 आणि 130.2.
सगळी मापं मिमीत.

फोटो 7 ते 10 खडू लावून काढले आहेत. "4" जुन्यावर पण बंदच आहे, तो मुद्दा गेला.

---

जुना_मापाडी | 13:40

आकडे बोलके आहेत. व्यास 1.2 मिमी कमी, म्हणजे 0.9 टक्के. ओळ 0.4 ते 0.5 मिमी कमी, म्हणजे 0.8 ते 1 टक्का. खडबडीत अक्षरावर व्हर्नियर 0.2 इकडेतिकडे दाखवतो, म्हणून एकट्या ओळीवर मी काही बोललो नसतो. पण दोन वेगवेगळी कच्ची मापं एकाच प्रमाणात कमी आहेत.

तरी एक शंका मांडून ठेवतो. कार कंपनी एकाच डिस्कसाठी दोन पुरवठादार ठेवते. दुसऱ्याचा पॅटर्न वेगळा असू शकतो, आणि एवढ्या मोठ्या ओतीवात अर्ध्या-पाऊण मिमीची सूटही असते.

---

ओतारी_सांवेररोड | 14:10

दुसरा पुरवठादार असेल तर अक्षरं त्याची स्वतःची असतात, त्यांची जागा आणि वळण वेगळं येतं. इथे अक्षरं तीच, जागा तीच, फक्त सगळं आकसलेलं. पुरवठादार बदलला म्हणून अक्षरं आटत नाहीत.

आणि आता फोटो 8 आणि 10 नीट मोठे करून बघा. टोपीच्या बाहेरच्या कडेला, जिथे साच्याचे दोन भाग जुळतात त्या रेघेवर, बोटाच्या पेराएवढा चपटा भाग आहे. दोन्ही नव्या डिस्कवर एकाच जागी, अक्षरांतल्या "2" च्या बरोबर समोर.

ओतताना जोडरेघेतून धातूचा पातळ पापुद्रा बाहेर येतो, त्याला फ्लॅश म्हणतात. ही जागा म्हणजे ती फ्लॅश ग्राइंडरने मारल्याची खूण. खऱ्या डिस्कवर ग्राइंडर माणूस हाताने मारतो, त्यामुळे तो प्रत्येक नगावर वेगळ्या जागी, वेगळ्या कोनात आणि वेगळ्या लांबीचा लागतो. त्यावर ग्राइंडरचे समांतर ओरखडे असतात आणि धातू उघडा चकाकतो. तुमच्या दोन्ही डिस्कवर त्या चपट्या भागात ओरखडे नाहीत, वाळूचा दाणेदार पोत आहे. म्हणजे ग्राइंडर या डिस्कना लागलेलाच नाही. तो लागला होता त्या एका खऱ्या डिस्कला, जी वाळूत दाबली गेली, आणि तिची जखम सगळ्या पोरांच्या अंगावर उतरली.

---

तोफखाना_52 | 14:26

भिया, हे भारी आहे. पण पॅटर्नमधेच तसा चपटेपणा असेल तर? मग खऱ्यांवरही तो एकाच जागी येईल की.

---

ओतारी_सांवेररोड | 14:50

बरोबर शंका. पॅटर्नमधला दोष असता तर जुन्या डिस्कवरही दिसला असता, निदान तसाच. आणि पॅटर्नवर कोणी जोडरेघेवर चपटा भाग ठेवत नाही, तिथून फ्लॅश आणखी वाढते. ताई, जुन्या डिस्कवर त्या जागी काय आहे? फोटो 7 मध्ये ती जागा सावलीत गेली आहे.

---

मीनल_पलासिया | 15:30

जुन्यावर "2" च्या समोर काहीच नाही, गोल आहे. ग्राइंडरची खूण आहे पण जवळजवळ उलट्या बाजूला, आणि गंजाखाली ओरखडे दिसतात. फोटो 11.

---

ओतारी_सांवेररोड | 15:38

माझ्याकडून विषय संपला. या डिस्क एका खऱ्या नगावरून वाळूत काढलेल्या आहेत.

---

देवास_नाका | 16:02

मग खोका आणि डिस्क यांच्या तारखा जुळतात का? लेबलवर मार्च 2024. फोटो 9 मध्ये 24 भोवती मला नऊ ठिपके दिसतात. महिन्याला एक ठिपका धरला तर सप्टेंबर 2024. डिस्क ओतण्याच्या सहा महिने आधी खोक्यात भरली? इथेच पकडले गेले!

---

जुना_मापाडी | 16:25

देवास, पद्धत अगदी योग्य आहे. ओतण्याची तारीख पॅकिंगच्या आधीचीच असायला हवी, त्यामुळे उलटी असेल तर तो मोठा पुरावा. पण इथे घाई नको. ठिपके कोणत्या वर्षाचे धरायचे? काही ठिकाणी एप्रिलपासून आर्थिक वर्ष धरून ठिपके वाढवतात. तसं असेल तर "24" म्हणजे 2023-24 आणि नववा ठिपका डिसेंबर 2023 चा, जो मार्च 2024 च्या आधी येतो. मग तारखा जुळतात.

शिवाय ओतारी म्हणतात तसं एका नगावरून साचा काढला असेल, तर ती तारीख या डिस्कची नाहीच, आईची आहे.

---

ओतारी_सांवेररोड | 16:41

हो. आणि पुढच्या वर्षी ओतलेल्या डिस्कवरही तेच 24 आणि तेवढेच ठिपके येत राहतील. कोणाकडे याच पार्टची अलीकडे घेतलेली डिस्क असेल तर ठिपक्यांचा फोटो टाका.

नववा ठिपका मला वाळूचा दाणा वाटतो, आठच असतील. टॉर्च दुसऱ्या बाजूने मारून अजून एक फोटो घ्या. खरा ठिपका दोन्ही बाजूंनी गोल सावली देतो, दाणा एका बाजूला टोकदार दिसतो.

---

राऊ_सर्कल | 17:10

समजा डुप्लिकेट आहे, पण धातू बीडच ना? बसवली तर काय होणार? टॅक्सीवाले सगळे हेच वापरतात.

---

जुना_मापाडी | 17:55

फोटो 6 बघा. कडेवरून दोन तबकड्या आणि मधे पाकळ्या. या पोकळीचा कोअर, म्हणजे साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा, वेगळा असतो, तो खऱ्या डिस्कवरून दाबून निघत नाही, बनवावा लागतो. आणि साच्यात नीट बसवावाही लागतो. फोटोत बाहेरची तबकडी एका जागी जाड आणि दुसऱ्या जागी पातळ दिसते. ताई, बाहेरच्या तबकडीची जाडी 90 अंशांवर चार ठिकाणी मोजा.

एक तबकडी दुसरीपेक्षा जाड असणं हा दोष नाही, काही डिस्क तशाच आखलेल्या असतात. पण तीच तबकडी फिरवत गेलं की बदलत असेल तर कोअर तिरका बसला होता. बाहेरून कातल्यावर एकूण जाडी सगळीकडे 22 च भरते, त्यामुळे काउंटरवर कोणाला कळत नाही. गरम झाल्यावर पातळ बाजू आधी तापते, जास्त फुगते, आणि डिस्क लाटेसारखी होते. थंडीत शहरात काही जाणवत नाही. ओंकारेश्वरला जाताना भेरूघाट उतरताना चार वळणं सलग ब्रेक धरले की पेडल पायाखाली धडधडायला लागतं आणि स्टिअरिंग हलतं. मेकॅनिक मग पॅड बदलतो, अलाइनमेंट करतो, आणि कारण तसंच राहतं.

टॅक्सीवाले वापरतात हे खरं. त्यांच्या गाड्यांचं स्टिअरिंग धरून बघा कधी.

---

मीनल_पलासिया | 19:20

खोका 1 ची डिस्क, बाहेरची तबकडी: 7.1, 6.8, 6.3, 6.7. खोका 2: 6.9, 6.8, 6.6, 6.7. जुनीच्या कडेला गंज आणि ओठ आहे, तिथे नीट माप येत नाही.

---

जुना_मापाडी | 19:34

पहिली 0.8 मिमी तिरकी. 7.1 च्या समोर 6.3, म्हणजे कोअर एका बाजूला कललेला, अगदी पुस्तकी. दुसरी त्या मानाने बरी आहे. एका जोडीतली एक बरी आणि एक तिरकी हीही एक खूणच म्हणा.

मी या बसवणार नाही.

---

छत्रीबाग_वकीलकाकू | 20:15

परत करण्याचं बघू या. ताई, बिलावर काय लिहिलंय? नुसतं "डिस्क सेट" असेल तर दुकानदार म्हणेल, हा माल माझा नाही. पुढच्या वेळी पार्ट नंबर आणि खोक्यावरचा बॅच क्रमांक बिलावर लिहून घ्या, आणि काउंटरवरच खोका आणि बिल एका फोटोत घ्या.

आता लेबलचा फोटो परत बघा. पॅकबंद मालावर बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, नग संख्या, सर्व करांसहित एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क असणं 2011 च्या वजन-मापाच्या पॅकेज नियमांनुसार बंधनकारक आहे. फोटो 3 मध्ये मला तक्रारीचा फोन दिसत नाही. कंपनीने पाळलेला नियम नक्कल करणाऱ्याकडून सुटतो, तो असाच.

दुकानदार ऐकत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. आणि हेच फोटो कंपनीला मेल करा. ट्रेड मार्क कायदा 1999 च्या कलम 104 मध्ये खोट्या चिन्हाचा माल विकणंही गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं. पण विकणाऱ्याला माहीत नव्हतं आणि त्याने रास्त खबरदारी घेतली होती असं सिद्ध झालं तर तो सुटू शकतो. म्हणून दुकानदाराला चोर म्हणून सुरुवात करू नका, कुठून आणला ते विचारा.

---

मीनल_पलासिया | सोमवार, दुपारी 12:40

बिलावर "डिस्क फ्रंट 2 नग" एवढंच आहे. तरी दुकानदार बदलून द्यायला तयार झाला. म्हणतो, होलसेलवाल्याकडून आलेली पेटी आहे, मी उघडतही नाही. दुसरी जोडी दाखवणार आहे. काउंटरवर उभ्या उभ्या काय बघू? तिथे जुनी डिस्क आणि व्हर्नियर घेऊन जाणं जरा...

---

ओतारी_सांवेररोड | 13:02

जुनी डिस्क घेऊनच जा. लाज दुकानदाराने धरावी.

डिस्क दोन्ही खोक्यांतून बाहेर काढून शेजारी उभ्या ठेवा. ग्राइंडरच्या खुणा दोन्हींवर वेगळ्या जागी आहेत ना, एवढं पहिलं. मग टोपीचा आतला व्यास, जुनीचा आणि नवीचा. दोन मिनिटांचं काम आहे. बाहेरच्या कडेला मिलिंगची खाच असेल तर ती बॅलन्ससाठी काढलेली असते आणि दोन्हींवर तिची खोली वेगळी असते. खाच नसली म्हणजे खोटी असं मात्र नाही, काही नग मुळातच बॅलन्समध्ये येतात.

---

जुना_मापाडी | 13:15

आणि होलोग्रामखालचे क्रमांक. त्याला फक्त पाच सेकंद लागतात.

एक शक्यता मनात ठेवा. सगळी मापं जुळली, ग्राइंडर खरा, पण टोपीवर कंपनीचं चिन्ह खरवडून काढलेलं असेल, तर ती पुरवठादाराने स्वतःच्या नावाने विकलेली डिस्क असू शकते. तो चांगला माल असतो. फक्त तो कार कंपनीच्या खोक्यात नसतो, पुरवठादाराच्या खोक्यात असतो. चुकीच्या खोक्यात आली तर परत करा.

---

राऊ_सर्कल | 13:30

आणि कारखान्यातून रिजेक्ट झालेल्या? त्यांच्या ओतीव खुणा तर खऱ्याच असणार. त्या कशा ओळखायच्या?

---

ओतारी_सांवेररोड | 13:52

चांगला प्रश्न विचारलात या वेळी. खुणांवरून ओळखता येत नाहीत. रिजेक्ट बहुतेक कोअर, छिद्रं किंवा कातण्यातल्या चुकीने होतं. तबकडीची चार मापं घ्या, कातलेल्या पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रं बघा, आणि बसवल्यावर हबवर डायल गेज लावा. 0.05 मिमीच्या आत फिरली तर ठीक, 0.1 च्या वर गेली तर आधी हब साफ करून परत मोजा. तरी तेवढंच आलं तर डिस्क परत. काही रिजेक्ट धातूच्या घटकांवर होतात, ते आपल्याला घरी कळत नाही.

---

मीनल_पलासिया | 18:45

दुसरी जोडी बघितली. आतला व्यास 131.3 आणि 131.5. ग्राइंडरच्या खुणा वेगवेगळ्या जागी, ओरखड्यांसकट. होलोग्रामखालचे क्रमांक वेगळे. तबकडी दोन्हींची 0.2 च्या आत. घेतली, बिलावर पार्ट नंबर आणि बॅच लिहून घेतला.

पहिली जोडी दुकानदाराने परत ठेवून घेतली. खोक्यासकट. आता ती कुठे जाईल ते मी विचारलं नाही.

---

छत्रीबाग_वकीलकाकू | 19:05

फोटो तुमच्याकडे आहेत ना? आजच कंपनीला मेल करा, क्रमांकासह. ती जोडी उद्या दुसऱ्या कोणाच्या गाडीवर असेल.

---

ओतारी_सांवेररोड | 19:20

नव्या जोडीवर ठिपके किती आणि वर्ष कोणतं? आणि लेबलवरचा महिना? त्यावरून आर्थिक वर्ष की कॅलेंडर, हे कदाचित कळेल. उजवं चाक उघडलं की जुन्या दुसऱ्या डिस्कवरचे ठिपकेही मोजून ठेवा, गाडी मार्च 2016 ची आहे.

---

मीनल_पलासिया | 21:10

डाव्या जुन्या डिस्कवर 15 आणि अकरा ठिपके. कॅलेंडरने नोव्हेंबर 2015, आर्थिक वर्षाने फेब्रुवारी 2015. दोन्ही बसतात. नव्या जोडीचं उद्या उजेडात बघते.